मंडळाच्या गणपतीचं मुख्य संयोजकपद नाकारायचंय, कसं सांगू?

गवतफूल
नमस्कार मंडळी. आम्ही अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका मध्यम आकाराच्या शहरात राहतो, इथलं मराठी मंडळ साधारण सव्वादोनशे कुटुंबांचं आहे. यंदा चतुर्थी १४ सप्टेंबरला, सोमवारी येतेय, त्यामुळे मंडळाचा गणपती शनिवारी १९ ला ठरलाय आणि अध्यक्षकाकांनी मला फोन करून सांगितलं की यंदा मुख्य संयोजक तूच व्हायचंस. विचारलं नाही, सांगितलं. गेली तीन वर्षं मी लहान मुलांचे कार्यक्रम बसवतेय आणि मागच्या वर्षी नावनोंदणीचं सगळं माझ्याकडेच होतं, त्यामुळे त्यांना वाटणं साहजिक आहे.

पण आता माझी मोठी पाच वर्षांची आहे, ऑगस्टमध्ये किंडरगार्टन सुरू होईल, धाकटा चौदा महिन्यांचा आहे आणि रात्री अजून उठतो. नवरा सोमवार ते गुरुवार क्लायंटच्या गावाला असतो. माझ्या ऑफिसात हॉस्पिटलची बिलिंग सिस्टिम बदलतायत, १ ऑक्टोबरला गो-लाइव्ह आहे म्हणजे अख्खा सप्टेंबर टेस्टिंग आणि टेस्टिंगची लीड मीच आहे. मला हे पद घ्यायचं नाही हे नक्की आहे, त्यावर सल्ला नकोय. मला विचारायचंय ते हे की काकांना सांगू कसं. ते आणि काकू आमच्यासाठी खूप धावून आलेत, धाकट्याच्या वेळी काकूंनी डिंकाचे लाडू करून दिले, आठवडाभर मोठीला शाळेतून आणलं. त्यांना वाईट वाटू नये आणि तरी "नाही"चं "नाही"च राहावं असं काही सुचतंय का? आत्ता फोनवर मी "बघते" एवढंच म्हटलंय.

पुणेकर_मावशी
अगं लहान लेकरं असताना गणपती बसवायचाच असा हट्ट कशाला. दीड दिवसाचा आण आणि नैवेद्याला पाच मोदक कर, बास. आमच्याकडे सुनेचं बाळंतपण झालं त्या वर्षी दिरांकडे बसवला होता. देव सगळं समजून घेतो, मनात काही आणू नकोस.

गवतफूल
मावशी, घरचा गणपती आहेच हो, तो दीड दिवसाचाच असतो. हा मंडळाचा सार्वजनिक आहे, शाळेच्या ऑडिटोरियममध्ये तीनशे-सव्वातीनशे लोक येतात, जेवण, कार्यक्रम, ढोल-ताशा सगळं असतं. त्याची मुख्य जबाबदारी घ्यायची नाहीये.

डोंबिवली_फास्ट्रॅक
सोपं आहे. तुम्ही एच-वन-बी वर असाल तर सांगा की व्हिसावर मंडळाचं पद घेता येत नाही. विषयच संपला. आमच्या इथे एकाने हेच सांगितलं होतं.

माजी_खजिनदार
फास्ट्रॅक, हे अर्धंच बरोबर आहे. एच-वन-बी वर दुसरीकडे पगार किंवा मानधन घेऊन काम करता येत नाही हे खरं. पण ना-नफा मंडळात, जिथे सगळेच फुकट काम करतात, तिथे सणाचं स्वयंसेवी काम करायला सहसा काही अडचण येत नाही. आणि गवतफूल गेली तीन वर्षं मंडळात काम करतेच आहे, मग काका विचारणार की तेव्हा व्हिसा नव्हता का? खोटं कारण दिलं की समोरचा ते कारण सोडवायला बसतो.

आता मूळ प्रश्न. मी न्यू जर्सीत एका मोठ्या मंडळात खजिनदार होतो, नंतर दोनदा गणपतीचा संयोजक, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बघितलंय. "नाही" कधी म्हणता हे कसं म्हणता याच्यापेक्षा महत्त्वाचं आहे. शाळेचं ऑडिटोरियम घ्यायचं म्हणजे स्कूल डिस्ट्रिक्टकडे अर्ज, डिपॉझिट आणि मंडळाच्या इन्शुरन्सचं सर्टिफिकेट, ज्यात डिस्ट्रिक्टचं नाव जोडून घ्यावं लागतं. त्या अर्जावर कार्यक्रमाच्या जबाबदार व्यक्तीचं नाव आणि फोन नंबर जातो. एकदा तो नंबर तुझा गेला की पुढे कस्टोडियन, साउंडवाला, केटरर सगळे तुलाच फोन करणार, मग पद सोडलंस तरी फोन येतच राहतात. तर पहिलं काम, तो अर्ज कधी जाणार आहे ते विचार आणि त्याच्या आधी सांग. "बघते" म्हणून ठेवलंस ना, त्याचा अर्थ काकांच्या डोक्यात "हो" असाच झाला असणार. मी अध्यक्षांच्या शेजारी बसून बघितलंय, "बघते" म्हणणाऱ्याच्या नावापुढे लगेच टिक होते.

गवतफूल
अर्ज १० एप्रिलपर्यंत जातो बहुतेक. म्हणजे अजून वेळ आहे. आणि हो, काल कमिटीच्या ग्रुपवर कोणीतरी मला "अभिनंदन" लिहिलंय.

माजी_खजिनदार
मग उशीर करू नकोस. ग्रुपवर मात्र उत्तर देऊ नकोस, तिथे नाही म्हटलं की काकांचा चारचौघांत अपमान झाल्यासारखं होतं आणि बाकीचे समजूत घालायला पुढे येतात. आधी काकांना फोन, त्याच दिवशी लेखी, आणि ग्रुपवर काय ते काकांनाच सांगू दे.

सह्याद्री_टेक्सास
मी म्हणेन को-ऑर्गनायझर घे ना. दोघींनी मिळून केलं की निम्मं काम होतं. पूर्ण नाही म्हणण्यापेक्षा हा मधला मार्ग चांगला आहे, मंडळालाही वाईट वाटत नाही.

चिंच_बोरं
सह्याद्री, मी हे केलेलं आहे, दोन वर्षांपूर्वी, तेव्हा माझी मुलगी दीड वर्षाची होती. निम्मं होत नाही. निम्मं तेव्हा होतं जेव्हा वस्तू वाटल्या जातात, म्हणजे जेवण तुझं आणि स्टेज माझं. आम्ही "दोघी मिळून सगळं" असं ठरवलं आणि मग प्रत्येक गोष्ट दोघींना माहीत हवी म्हणून रोज रात्री एकमेकींना फोन, केटररने मला सांगितलेलं तिला सांगायचं, तिने डेकोरेशनवाल्यांना सांगितलेलं मला कळायचं, त्यात मग तिने पुरणपोळी ठरवली आणि मी गुलाबजाम.

आणखी एक सांगते जे मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. काम किती तासांचं आहे हा प्रश्नच नाही. ते कोणत्या वेळी येतं ते बघ. मंडळातले सगळे नोकरीवाले, त्यामुळे मीटिंग, फोन, मुलांच्या प्रॅक्टिस हे सगळं संध्याकाळी ७ ते ९ मध्ये येतं, आणि लहान मुलांचं जेवण, आंघोळ, झोप हेही बरोब्बर ७ ते ९. दिवसाला दोनच तास असले तरी ते नेमके हेच दोन तास असतात. रात्री दहानंतर मी मोकळी असायचे पण तेव्हा कोणाला फोन करणार? नवरा घरी असता तर निभलं असतं, तुझा तर गुरुवारपर्यंत नसतोच.

गवतफूल
चिंच_बोरं, मला नेमकं हेच शब्दांत सांगता येत नव्हतं. काका म्हणाले होते "अगं आठवड्याला चार-पाच तासांचं काम आहे" आणि त्यावर मला उत्तरच सुचलं नाही कारण चार-पाच तास तसे निघतात.

आजोबा_क्लीव्हलंड
मी थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. आम्ही १९८० च्या दशकात इथे आलो, मलाही दोन लहान मुलं होती, बायको नोकरी करत होती आणि तरी आम्ही गणपती केले. तेव्हा कोणी कोणाला नाही म्हणत नव्हतं. आमच्या मुलांना मराठी येतं ते त्या गणपतींमुळे येतं. प्रत्येक तरुण आईबापाने मुलं लहान आहेत म्हणून नाही म्हटलं तर करणार कोण? सत्तरीतले आम्ही की कॉलेजातली मुलं? लहान मुलांसाठीच तर हे सगळं चाललंय.

माजी_खजिनदार
आजोबा, तुमच्याबद्दल आदर आहे आणि "करणार कोण" हा प्रश्न खरा आहे. पण तेव्हाचा गणपती आणि आत्ताचा यात फरक आहे तो बघा. माझे सासरेही त्याच काळातले, ते सांगतात की चाळीसेक कुटुंबं, कोणाच्या तरी बेसमेंटमध्ये आरती, प्रत्येकाने घरून एक पदार्थ आणायचा, मूर्ती भारतातून बॅगेत आलेली आणि तीच दरवर्षी. हॉल नाही, इन्शुरन्स नाही. आज तीनशे माणसं पब्लिक शाळेत येतात. बाहेरचं जेवण आणलं की काउंटीच्या आरोग्य खात्याचा परवाना लागतो का ते विचारावं लागतं. बऱ्याच शाळा आत ज्योत पेटवू देत नाहीत, त्यामुळे कापूर आणि निरांजन कुठे लावायचं यावर फायरवाल्यांशी बोलावं लागतं. रात्री दहाच्या पुढे गेलं की कस्टोडियनचे जादा पैसे. मूर्ती कंटेनरने समुद्रमार्गे येणार असेल तर दीड-दोन महिने प्रवासातच जातात, म्हणजे ऑर्डर उन्हाळ्याआधी. त्या काळी तुम्ही जे केलंत तसं काम आज कोणी मागितलं असतं तर गवतफूल हो म्हणाली असती असं मला वाटतं.

आजोबा_क्लीव्हलंड
परवान्यांचं मान्य. ते आमच्या वेळी नव्हतं. आणि स्वयंपाक बायकांनी दोन दिवस उभं राहून केला हेही मान्य, माझी पत्नी शेजारी बसून हे वाचते आहे आणि तिने हे लिहायलाच सांगितलं. पण मग गणपती लहान करा ना. माणूस मिळत नाही म्हणून उत्सव बंद पडण्यापेक्षा आरती आणि प्रसाद एवढाच करा. हे कोणी बोलत नाही.

म्युनिकची_चिमणी
आजोबा म्हणतात तसं आमच्याकडे जर्मनीत झालं होतं. मुख्य माणूस मिळाला नाही, मला विचारलं होतं, माझी जुळी तेव्हा तीन वर्षांची होती म्हणून मी नाही म्हटलं. इथे मंडळ म्हणजे नोंदणी केलेला फेराइन, कार्यकारिणीवर सही-शिक्क्याची जबाबदारी असते आणि पत्रव्यवहार सगळा जर्मनमध्ये, ते मला झेपलं नसतं. मग त्या वर्षी फक्त एका दुपारी आरती, अथर्वशीर्ष आणि प्रत्येकाने आणलेलं जेवण. मला स्वतःला तो फार आवडला, मुलं जमिनीवर बसून खेळत होती आणि आरतीला सगळ्यांचा आवाज ऐकू येत होता. पण ढोल पथकातली तरुण मुलं नाराज झाली, त्यातली काही दुसऱ्या शहराच्या पथकात गेली ती परत आली नाहीत. त्यामुळे लहान करा म्हणजे सगळं ठीक होतं असंही नाही. अजूनही कोणी कोणी मला ते ऐकवतं.

गवतफूल
लहान करायचं का मोठं हे मी ठरवू शकत नाही, ते कमिटी बघेल. मी फोन करायच्या आधी मेसेज लिहून ठेवलाय म्हणजे फोनवर गडबडणार नाही. बघा आणि सांगा.

"नमस्कार काका, खूप खूप सॉरी, मला खरंच फार वाईट वाटतंय, पण यंदा मला मुख्य संयोजक म्हणून शक्यतो जमेल असं वाटत नाही. मुलं लहान आहेत आणि ऑफिसचंही आहे. पुढच्या वर्षी नक्की करेन. बाकी काहीही मदत लागली तर सांगा, मी आहेच."

माजी_खजिनदार
हा मेसेज मी खजिनदार असताना मला आला असता तर मी दुसऱ्या दिवशी परत फोन केला असता. "शक्यतो" आणि "वाटत नाही" यात जागा आहे. "मुलं लहान आहेत, ऑफिसचंही आहे" हे सगळ्यांचंच असतं, तुझं काय आहे ते त्यातून कळत नाही. "पुढच्या वर्षी नक्की" हे लिहू नकोस, ते लक्षात ठेवलं जातं. आणि "काहीही मदत" हे सगळ्यात महाग पडतं, कारण तेच पद पुन्हा तुकड्यातुकड्याने तुझ्याकडे येईल. एकतर काहीच देऊ नकोस, किंवा एकच काम दे जे घरून, रात्री दहानंतर, कोणाला फोन न करता होतं आणि ज्याला शेवटची तारीख आहे.

गवतफूल
नावनोंदणी आणि जेवणाचा आकडा मी करू शकते. मागच्या वर्षीची शीट तयार आहे.

माजी_खजिनदार
ते चांगलं आहे, पण कुठे संपतं ते आत्ताच ठरव. समज शीटमध्ये २४० मोठे आणि ५ ते १२ वयाची ६० मुलं आली. मुलांचं निम्मं ताट धरलं तर २४० अधिक ३०, म्हणजे २७० ताटं. आयत्या वेळी येणाऱ्यांसाठी वीसेक वाढव, केटररला २९० सांग. केटरर साधारण तीन-चार दिवस आधी आकडा मागतो, म्हणजे बुधवारी १६ तारखेला रात्री शीट बंद आणि आकडा जेवणवाल्या माणसाला मेलने. तिथे तुझं काम संपलं. बुधवारनंतर "आमचे चार पाहुणे वाढले" असे मेसेज येणारच, ते कोणाकडे जाणार त्या माणसाचं नाव फॉर्मवरच हवं, तुझं नको. आणि शनिवारी दारावर यादी घेऊन कोण उभं राहणार तेही आधीच विचार, कारण यादी जिने केली तीच दारात उभी राहते असं सगळीकडे होतं आणि मग कडेवर बाळ घेऊन तू अडीच तास दारात.

चिंच_बोरं
दारावरचं अगदी खरं. मी आरती ऐकली ती लॉबीतून.

मेसेजमध्ये ७ ते ९ चं लिही. काकांना तासांचा हिशोब समजतो, वेळेचा सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही. आणि काकूंच्या लाडवांचा उल्लेख मेसेजमध्ये नको, फोनवर हवा तर बोल, लिहिलंस तर परतफेड करता येत नाही म्हणून माफी मागितल्यासारखं दिसतं.

गवतफूल
नवा मसुदा:

"नमस्कार काका, आत्ता फोनवर बोललो तसं लिहून पाठवतेय. यंदाच्या गणपतीचं मुख्य संयोजकपद मी घेऊ शकणार नाही. सप्टेंबरभर माझ्या ऑफिसात १ ऑक्टोबरच्या गो-लाइव्हचं टेस्टिंग आहे आणि त्याची जबाबदारी माझ्यावर आहे. हे गुरुवारपर्यंत गावाला असतात, त्यामुळे संध्याकाळी ७ ते ९ मी दोन्ही मुलांबरोबर एकटी असते आणि मंडळाच्या मीटिंगा, फोन त्याच वेळेत असतात. हॉलच्या अर्जावर दुसरं नाव टाकता यावं म्हणून आत्ताच सांगतेय. नावनोंदणीची शीट आणि जेवणाचा आकडा एवढं काम मी घरून करेन, ते बुधवारी १६ सप्टेंबरला रात्री पूर्ण करून देईन. त्यानंतरचे बदल आणि शनिवारचं दारावरचं काम कोणाकडे द्यायचं ते कमिटीने ठरवावं. कार्यक्रमाला आम्ही चौघेही येऊ."

माजी_खजिनदार
पाठव. एकही शब्द वाढवू नकोस.

डोंबिवली_फास्ट्रॅक
एवढं लांब? "काका जमणार नाही" पुरे की.

चिंच_बोरं
काकांना कमिटीपुढे काहीतरी सांगावं लागेल ना, हाच मेसेज ते पुढे पाठवतील. म्हणून पूर्ण हवा.

गवतफूल
अपडेट. काल रविवारी सकाळी फोन केला. काका आधी थोडा वेळ काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "मग याला विचारू का?" म्हणजे माझ्या नवऱ्याला. हे मी धरलंच नव्हतं. मी म्हटलं काका, त्याचं तुम्ही त्यालाच विचारा, पण तो आठवड्यातले चार दिवस इथे नसतो, आणि तो मीटिंगला बसला तरी त्या वेळी मुलं माझ्याकडेच असणार. मग त्यांनी दुसरी दोन-तीन नावं विचारली, "तुझ्या ओळखीतलं कोणी?" मला एक मैत्रीण आठवली होती पण तिला न विचारता नाव द्यायचं नाही म्हणून दिलं नाही. तिलाही सात महिन्यांचं बाळ आहे. फोन झाल्यावर मेसेज पाठवला, त्यावर काकांचा "ठीक आहे" एवढाच आलाय. त्यांना वाईट वाटलंय हे कळतंय आणि मलाही वाटतंय. काकूंशी अजून बोलले नाही.

आजोबा_क्लीव्हलंड
तुमच्या काकांच्या जागी मी असतो तर मलाही वाईट वाटलं असतं आणि ते चार-आठ दिवस राहिलं असतं. पण हॉलच्या अर्जाआधी सांगितलंत हे मला पटलं. आम्हाला ऑगस्टमध्ये सोडून गेलेले लोक आहेत, तो त्रास फार मोठा असतो. करणार कोण हा माझा प्रश्न मात्र तसाच आहे.

म्युनिकची_चिमणी
काकूंना तू स्वतः फोन कर, मंडळाचा विषय न काढता. त्यांनी काढला तर बोल.

गवतफूल
करते आज. एक शेवटचं विचारते, मागच्या वर्षीची नोंदणीची शीट, केटररची कोटेशनं आणि हॉलचा जुना अर्ज हे सगळं माझ्या वैयक्तिक जीमेलच्या ड्राइव्हमध्ये आहे. नवा संयोजक ठरला की त्याला नुसती लिंक दिली तर चालेल का?

माजी_खजिनदार
नुसती लिंक दिलीस तर मालकी तुझीच राहते आणि प्रत्येक नवा माणूस परवानगीसाठी तुलाच विनंती पाठवत बसतो. मंडळाचा स्वतःचा जीमेल असेल तर एकेक फाइल त्या ईमेलला शेअर कर, मग शेअरच्या खिडकीत त्या नावापुढे मालकी हस्तांतराचा पर्याय येतो, तो निवड. साध्या जीमेल खात्यात समोरच्याने ती विनंती स्वीकारेपर्यंत मालकी बदलत नाही, त्यामुळे मंडळाचा ईमेल कोण उघडतं ते आधी विचार आणि त्याला सांगून ठेव. यंदाची शीट १६ तारखेपर्यंत तुझ्याकडे असू दे, बाकी कोटेशनं आणि अर्ज आत्ताच देऊन टाक, हॉलच्या अर्जासाठी ते त्यांना लागतीलच.